समेवर शटर: फ्लॅश न वापरता, प्रेक्षकांत बसून कथकचे फोटो

भाचीच्या पहिल्या कथक कार्यक्रमात मी साडेसहाशे फोटो काढले आणि त्यातले कामाचे निघाले चार. कशात हाताच्या जागी धुराची रेघ, कशात चेहरा चुन्यासारखा पांढरा, कशात पोशाखावरची जर कातीव स्पष्ट आणि डोळे मात्र मिटलेले. दोष कॅमेऱ्याचा आहे असं मी बरेच दिवस मानत होतो. नंतर महागडी भिंग वापरणाऱ्यांचेही असेच फोटो पाहिले, तेव्हा लक्षात आलं की मी उजेड मोजायला चुकत होतो आणि त्याहून जास्त म्हणजे नाच ऐकत नव्हतो.

कथकमध्ये नर्तकी कुठे थांबणार हे आधी कळतं. ती स्वतःच सांगते, तोंडाने बोल म्हणून सांगते. कमी उजेडात फोटो काढणाऱ्याला याहून मोठी सोय कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. हा लेख त्या एका क्षणाभोवती आहे: समेचा क्षण, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर नर्तकी थांबते तो, आणि तिथवर पोचायला लागणारी तयारी. इतर शास्त्रीय नृत्यांना यातलं बरंचसं लागू पडेल, पण उदाहरणं मी कथकचीच देतो, कारण माझे हात त्यातच पोळले आहेत.

१. आधी परवानगी आणि पिशवी

परवानगी दोघांची घ्यावी, आयोजकांची आणि नर्तकीची. आयोजक 'हो' म्हणाले म्हणून नर्तकीला चालेलच असं नाही. आदल्या दिवशी एक निरोप पाठवा: मी अमुक रांगेत बसणार आहे, फ्लॅश वापरणार नाही, फोटो तुम्हाला आधी दाखवीन. उत्तर लेखी आलं असेल तर ते मोबाइलवर सापडेल असं ठेवा. मध्येच कुणी स्वयंसेवक येऊन हटकतो, तेव्हा अंधारात कुजबुजत वाद घालण्यापेक्षा निरोप दाखवणं सोपं.

फ्लॅश नको, याचं कारण नुसतं शिष्टाचाराचं नाही. दहा मीटरवरून कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश रंगमंचापर्यंत धड पोचतच नाही, तो तुमच्या पुढच्या रांगेतली डोकी उजळवतो. शिवाय चक्कर घेताना नर्तकी समोर एका ठिकाणी नजर रोवते आणि प्रत्येक फेरीत तिथेच परत येते. नेमक्या त्या दिशेने लखकन उजेड आला तर तिचा तोल जाऊ शकतो.

पिशवीत काय हवं:

- ज्याचं आयएसओ, शटर आणि ॲपर्चर हाताने ठरवता येतं असा कॅमेरा
- मोठ्या तोंडाची एकच लेन्स. एफ १.८ ची ८५ मिलिमीटर उत्तम, एफ २.८ ची ७०-२०० असेल तर प्रश्नच मिटला
- भरलेली जादा बॅटरी आणि रिकामं कार्ड
- काळ्या चिकटपट्टीचे दोन-तीन तुकडे (कशाला ते पुढे येईल)
- चालत असेल तर मोनोपॉड. तिपाई आणू नका, ती लोकांच्या पायात येते

कॅमेऱ्यासोबत आलेली साधी झूम लेन्स पूर्ण लांब केली की बहुधा एफ ५.६ वर जाते. एफ २.८ च्या तुलनेत तिथून चौथा हिस्साच उजेड आत येतो. म्हणजे ज्या फोटोला आयएसओ ३२०० पुरलं असतं त्याला १२८०० लागतं. फोटो निघतो, पण चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा दिसतो. त्यामुळे उसनी का होईना, मोठ्या तोंडाची लेन्स मिळवा.

२. बसायचं कुठे

पहिली रांग मिळाली म्हणून खूश होऊ नका. तिथून तुम्ही खालून वर बघता. रंगमंचाची कड, पुढचे माइक आणि पायाशी ठेवलेले दिवे यांच्या आड नर्तकीची पावलं जातात. कथकच्या फोटोत घुंगरू कापले गेले की जाणकार माणूस पहिलं बोट तिथेच ठेवतो. तिसऱ्या ते सहाव्या रांगेत, डोळे साधारण रंगमंचाच्या पातळीच्या थोडे वर येतील अशी जागा बघा. मधल्या वाटेकडेची खुर्ची मिळाली तर एका बाजूचा कोपर मोकळा राहतो.

अगदी मध्यावर बसण्यापेक्षा मी थोडा बाजूला बसतो. मध्यावर माइकचा दांडा बरोबर नर्तकीच्या पोटावरून जातो. बाजूला बसायचं तर वादकांच्या समोरच्या बाजूला. वादक सहसा रंगमंचाच्या एका कडेला बसतात, आणि नर्तकी सवाल-जवाबात तबलजीकडे वळते. तुम्ही वादकांच्याच बाजूला बसलात तर अशा वेळी तिचा चेहरा तुमच्याकडे असतो पण तबलजी चौकटीत येत नाही. समोरच्या बाजूला बसलात तर दोघं एका चौकटीत येतात आणि तिचा चेहरा बाजूने दिसतो. मला दुसरं आवडतं. तुमची आवड वेगळी असेल तर खुर्ची बदला.

लेन्स पुरेल का हे आधीच काढता येतं. अंतर गुणिले सेन्सरची बाजू भागिले लेन्सची लांबी, म्हणजे चौकटीत किती मीटर मावतात ते कळतं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, लांब बाजू २३.५ मिलिमीटर. कॅमेरा उभा धरला, नर्तकी दहा मीटरवर, लेन्स ८५:

१० × २३.५ ÷ ८५ = सुमारे २.७५ मीटर

नर्तकीची उंची १.६५ धरली आणि हात डोक्यावर गेला तर दोन-सव्वादोन मीटर होतात. वर-खाली थोडी जागा उरते. हे बरोबर बसतं. पाच मीटरवर बसलो असतो तर चौकट १.४ मीटरची झाली असती आणि पाय तरी किंवा हात तरी कापावे लागले असते. फुल-फ्रेम कॅमेरा असेल तर २३.५ च्या जागी ३६ घाला.

३. घरीच उरकायच्या गोष्टी

नाट्यगृहात दिवे गेले की बटणं दिसत नाहीत. म्हणून हे सगळं घरी, दिवा लावून करा.

पहिलं, फोकससाठी कॅमेऱ्यातून निघणारा मदतीचा दिवा बंद करा. मेनूत तो 'एएफ असिस्ट' अशा काहीशा नावाने असतो. लोक फ्लॅश बंद करतात आणि हा विसरतात. मी विसरलो होतो. वंदना चालू असताना भाचीच्या कपाळावर नारिंगी ठिपका उमटला, मागच्या रांगेतल्या आजोबांनी खांद्यावर टकटक केलं आणि पुढची दहा मिनिटं मी कॅमेरा मांडीवरच ठेवला.

दुसरं, फोटो काढल्यावर मागच्या पडद्यावर तो आपोआप दिसतो ते बंद करा. पडदा बाहेर वळत असेल तर उलटा करून मिटवून टाका. बारीक लुकलुकणारे दिवे आहेत त्यांवर काळी चिकटपट्टी. बीप बंद.

तिसरं, फोटो रॉ प्रकारात साठवा. रंगमंचावरचा उजेड इतका विचित्र असतो की नंतर दुरुस्तीला वाव लागतोच, आणि तो जेपेगमध्ये फारसा उरत नाही.

चौथं, व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. जुने हॅलोजन दिवे असतील तर ३२०० केल्विन ठरवून टाका. ऑटो ठेवलंत तर दर फोटोला त्वचेचा रंग बदलतो आणि घरी बसून शंभर फोटो शंभर प्रकारे नीट करावे लागतात. एकच ठरवलेला आकडा चुकीचा असला तरी सगळे फोटो सारखेच चुकलेले असतात, ते एका झटक्यात सुधारतात.

पाचवं, फोकस सतत पाठलाग करणारा आणि बिंदू एकच, छोटा. चेहरा किंवा डोळा ओळखणारी सोय असेल तर लावा, पण तिच्यावर विसंबू नका. हात चेहऱ्यासमोरून गेला किंवा घुंघटाची गत सुरू झाली की ती गोंधळते, आणि कधीकधी तिला मागच्या तबलजीचा चेहरा जास्त पसंत पडतो.

४. पहिली दहा मिनिटं उजेडाला द्या

नवख्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. मागचा पडदा काळा, आजूबाजूला अंधार, मध्ये उजेडात एक व्यक्ती. चौकटीचा तीन चतुर्थांश भाग काळा बघून कॅमेऱ्याला वाटतं की अंधार फार आहे, म्हणून तो सगळं उजळवायला जातो. पडदा करडा होतो आणि चेहरा पार जळतो.

मागच्या एका कार्यक्रमात नेमकं काय केलं ते सांगतो. समोरून पिवळसर हॅलोजन, मागून एक हलका दिवा, पोशाख मरून रंगाचा आणि जरीचा काठ. लेन्स एफ २ वर ठेवली, आयएसओ १६००. कॅमेऱ्याने शटर सुचवलं १/६०. तसा फोटो काढला: कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरेफटक, बांगड्यांच्या जागी नुसते ठिगळ. मग सगळं हातात घेतलं, म्हणजे मॅन्युअल. शटर १/१२५, अजून कपाळ थोडं जळतंय. १/२५० केलं, कपाळावरची बिंदी आणि त्याखालची त्वचा वेगळी दिसायला लागली. तिथे थांबलो. कॅमेऱ्याच्या म्हणण्याच्या चौथ्या हिश्श्याने उजेड, आणि पोशाखाच्या चुण्या सावलीत गेल्या खऱ्या, पण त्या रॉमध्ये परत येतात. जळलेलं कपाळ येत नाही.

यात एक फुकटचा फायदा बघा. उजेड बरोबर मोजला म्हणून शटर आपोआप चौपट वेगवान झालं. कमी उजेडामुळे फोटो हलतात असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा ते पडद्याचा अंधार मोजल्यामुळे हलतात.

मोजायला चेहरा निवडा, पोशाख नको. पांढरा अंगरखा असेल तर मात्र दोन्ही बघा, कारण तो चेहऱ्याच्या आधी जळतो. कॅमेऱ्याचा पडदा दाखवत असलेला फोटो डोळ्यांना फसवतो, अंधारात तो नेहमी जास्त उजळ वाटतो. जळलेला भाग लुकलुकून दाखवण्याची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते, ती लावा. हे तपासायचं ते निवेदन चालू असताना, पडद्याचा प्रकाश कमी करून, हाताच्या आड.

एकदा आकडे ठरले की हलवू नका. दिवे बदलले तरच हलवा आणि तेव्हा शक्यतो फक्त आयएसओ. दिवे किती पायऱ्यांनी बदलतात याचा अंदाज दोन-तीन रचनांत येतो. पहिल्या दहा मिनिटांतले फोटो वाया गेले तरी दुःख नको. वंदनेत नर्तकी तशीही संथ असते आणि ठाटात तर ती जवळजवळ स्थिर उभी राहून मान, भुवया, मनगट एवढंच हलवते. सरावाला याहून चांगली वेळ नाही.

५. पढंत ऐका, समेवर दाबा

आता मुख्य गोष्ट.

हात वेगात फिरतो तेव्हा सेकंदाला दोन मीटर सहज जातो असं धरा. १/६० ला तो तेवढ्यात तीन सेंटिमीटरहून जास्त सरकतो, म्हणजे दोन बोटांची रुंदी. १/२५० ला आठ मिलिमीटर, अर्ध्या बोटाएवढं. एवढं पुसट दिसलं तरी खटकत नाही, उलट जिवंत वाटतं. १/१००० ला हात गोठेल, पण त्यासाठी चौपट आयएसओ लागेल आणि तो अंधारात परवडत नाही. म्हणजे वेगाशी शर्यत लावून तुम्ही हरणार. मग नर्तकी थांबते त्या क्षणाची वाट बघा.

ती थांबते समेवर. तीनताल सोळा मात्रांचा, त्याची पहिली मात्रा सम. तोडा किंवा तुकडा संपतो तो तिहाईने: एकच ओळ तीनदा, आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा बोल बरोबर समेवर. त्या बोलावर नर्तकी एक आकृती घेऊन ठेवते. द्रुत लयीत हे ठेवणं अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी असतं, विलंबितात चांगलं एक-दोन सेकंद. तेवढ्यात हात, नजर, घेर सगळं एकदम एका जागी येतं.

आणि हे आधी कळतं, कारण नाचण्याआधी नर्तकी बहुतेकदा पढंत करते. हाताने ताल देत बोल म्हणून दाखवते. समजा शेवट असा आहे:

तिग्दा दिगदिग थेई, तिग्दा दिगदिग थेई, तिग्दा दिगदिग थेई

पढंत चालू असताना कॅमेरा खाली ठेवा आणि ऐका. दोन गोष्टी टिपायच्या. शेवटची ओळ कुठली, आणि दोन 'थेई'च्या मध्ये थांबा आहे का. थांबा असेल तर ती दमदार तिहाई, नसेल तर बेदम. दमदार असेल तर तुमची चांदी, कारण पहिल्या आणि दुसऱ्या 'थेई'वरही ती क्षणभर ठरते आणि तुम्हाला दोनदा रंगीत तालीम मिळते. बेदम असेल तर एकच संधी.

ताल मोजता येत नसेल तर घाबरायचं कारण नाही, मलाही येत नव्हता. लेहऱ्याला कान लावा. हार्मोनियम किंवा सारंगीवर एकच सुरावट पुन्हा पुन्हा वाजत असते, ती तालाच्या एका आवर्तनाएवढी असते आणि समेवर येऊन टेकते. पाच-सहा आवर्तनं ऐकलीत की ती कुठे टेकते ते शरीरालाच कळतं, मान आपोआप हलते. मान हलते तीच सम.

आता दाबायचं कधी? डोळ्यांनी बघून बोट हलवायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. मिनिटाला २४० मात्रांची द्रुत लय असेल तर एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे आकृती दिसल्यावर दाबलंत तर जवळजवळ एक मात्रा उशीर होतो आणि फोटोत नर्तकी सम सोडून पुढे निघालेली असते. खांदे सैल, हात अर्धे खाली, चेहऱ्यावर सुटकेचं हसू. माझ्या त्या साडेसहाशेतले निम्मे असेच होते. म्हणून दाबायचं कानाने. टाळी देताना आपण सम ऐकून टाळी देत नाही, सम येणार म्हणून हात निघालेला असतो. बोटाला तीच सवय लावा. शेवटच्या 'दिगदिग'ला बोट अर्धं दाबलेलं, फोकस चेहऱ्यावर बसलेला, आणि 'थेई'बरोबर पूर्ण.

फोटो एकापाठोपाठ एक घ्यायची सोय असेल तर तीन घ्या, जास्त नको. पहिला बहुधा आकृतीत शिरतानाचा, दुसरा आकृतीचा, तिसऱ्यात डोळे उघडलेले असण्याची शक्यता जास्त. आवाज न करणारं शटर नसेल तर एकच घ्या. समेनंतर सभागृहात क्षणभर शांतता असते आणि तेवढ्यात तुमचं खटखटखट शेवटच्या रांगेपर्यंत जातं. नशीब चांगलं असेल तर टाळ्या ते झाकतात.

इथले दोन सापळे. एक, चक्रदार. यात तिहाईसकट अख्खा तुकडाच तीनदा येतो. पहिल्या फेरीची तिहाई संपली की नवखा माणूस जीव तोडून दाबतो आणि हाच शेवट समजून कॅमेरा खाली घेतो. खरी सम तिसऱ्या फेरीच्या शेवटी. पढंतीत सगळं एवढं लांबलचक वाटलं आणि तेच बोल परत आले, की समजा चक्रदार आहे आणि दोन फेऱ्या नुसत्या बघा. दुसरा सापळा चौकटीचा. समेची आकृती घेताना नर्तकी बहुतेकदा एक पाऊल पुढे टाकते किंवा हात बाजूला लांब फेकते. चौकट आधीच घट्ट बसवलेली असेल तर बोटं कापली जातात. तिहाई सुरू झाली की चौकट थोडी सैल करा, नजरेच्या दिशेला जास्त जागा सोडा.

फोकसची खोलीही ध्यानात असू द्या. ८५ ची लेन्स, एफ १.८, दहा मीटर, लहान सेन्सर: मागेपुढे मिळून सुमारे एक मीटर पट्टा स्पष्ट राहतो. ती एक मोठं पाऊल पुढे आली की पट्ट्याच्या कडेला पोचते. म्हणून आधीच फोकस धरून वाट बघत बसू नका, शेवटच्या बोलापर्यंत तो तिच्याबरोबर चालू द्या.

६. चक्कर आणि अभिनय

चक्करांत सगळं फिरतं, चेहरा मात्र प्रत्येक फेरीत क्षणभर समोर ठरतो आणि मग झटकन फिरून परत येतो. १/३२० च्या आसपास ठेवून चेहरा समोर येतो त्या ठेक्याला दाबलं तर डोळे स्पष्ट आणि घेराची कड पुसट मिळते. दहातले दोन लागले तरी पुष्कळ. मुद्दाम १/३० ठेवून घेराचा भोवरा टिपायचा मोह होतो, पण तो मोनोपॉडशिवाय करू नका, नाहीतर नर्तकीबरोबर खांबही फिरलेला दिसतो.

ठुमरी किंवा भजनावरच्या अभिनयात उलटं असतं. तिथे वेग कमी, पण दिवेही मंद करतात. १/१२५ पुरतं. इथे समेचा हिशेब बाजूला ठेवा आणि शब्द ऐका. एकच ओळ गायक अनेकदा म्हणतो आणि नर्तकी दर वेळी तिचा वेगळा अर्थ दाखवते. पहिल्यांदा बघा, दुसऱ्यांदा चौकट बसवा, तिसऱ्यांदा टिपा. भाव चेहऱ्यावर येतो तो हात थांबल्यानंतर, हे मला फार उशिरा समजलं.

७. एलईडी दिव्यांचा त्रास

बऱ्याच रंगमंचांवर आता रंगीत एलईडी आहेत आणि त्यांच्या दोन कटकटी आहेत.

एक, पट्टे. हे दिवे डोळ्यांना सलग वाटतात, पण आतून फार वेगाने चालू-बंद होत असतात. कॅमेऱ्याचं मूक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर फोटो ओळीओळीने वाचतं, त्यामुळे काही ओळी उजळ आणि काही काळसर येतात. कार्यक्रमाआधी रिकाम्या, उजळलेल्या पडद्याचे १/५०० ला मूक शटरने चार-पाच फोटो काढून मोठे करून बघा. आडवे पट्टे दिसले तर शटर १/१०० च्या आसपास आणून परत बघा. तरीही गेले नाहीत तर यांत्रिक शटर वापरा आणि फोटो कमी काढा. मूक शटरचा अजून एक घोळ म्हणजे झपाट्याने जाणारा हात फोटोत तिरका, रबरासारखा ताणलेला दिसतो. समेवर हात थांबलेला असतो म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

दुसरी कटकट रंगाची. गडद निळ्या किंवा जांभळ्या उजेडात चेहऱ्यावर एकच रंग काठोकाठ भरतो आणि नाक-गाल-हनुवटी यांतला फरक नाहीसा होतो, चेहरा निळ्या बशीसारखा सपाट दिसतो. याला नंतर फारसा उपाय नाही. तेवढा वेळ थांबा, पाठीमागून पडलेल्या उजेडात नुसती बाह्यरेषा टिपा, किंवा फोटो कृष्णधवल करण्याची मनाची तयारी ठेवा.

८. हातात फक्त मोबाइल असेल तर

जमतं, पण मर्यादा ओळखून. नाइट मोड बंद करा. तो एकामागून एक अनेक फोटो घेऊन त्यांची बेरीज करतो, म्हणजे हलणाऱ्या नर्तकीला चार हात येतात. चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, फोकस आणि उजेड तिथे बांधला जातो. मग बोट खाली सरकवून उजेड कमी करा, रंगमंचाचा मागचा पडदा खराखुरा काळा दिसेपर्यंत. बोटांनी झूम करू नका, नंतर कापा. आणि समेवरच दाबा, मोबाइलला स्थिर क्षणाची गरज कॅमेऱ्याहून जास्त आहे. पडद्याचा प्रकाश शून्यावर आणि मोबाइल छातीपाशी, डोक्यावर नको.

९. घरी आल्यावर

आधी निवड, मग दुरुस्ती. पहिल्या फेरीत फक्त डोळे बघा: मिटलेले, पुसट, अर्धवट असतील ते गेले. दुसऱ्या फेरीत बोटं आणि पावलं. तीनशेतून वीस उरले तर कार्यक्रम चांगला झाला म्हणायचा. दुरुस्तीत सावल्या जरा उघडा, पण मागचा पडदा काळाच राहू द्या, कारण अंधार उजळवला की त्यातला सगळा रवा वर येतो. रवा पुसणारं बटण अर्ध्यावर थांबवा, पुढे गेलं की त्वचा मेणाची होते. हॅलोजनचा पिवळटपणा थोडा ठेवा, त्या संध्याकाळी तो होता.

बाहेर कुठेही टाकण्याआधी वीसही फोटो नर्तकीला दाखवा. आपल्याला दिसत नाही ते तिला दिसतं. मी भाचीला दाखवले तेव्हा माझ्या सर्वांत लाडक्या फोटोवर, म्हणजे डोळे टिपलेले, घेर फुललेला, बांगड्यांवर उजेडाची एक रेघ असलेल्या फोटोवर, तिने दोन सेकंदही घालवले नाहीत. "मामा, हा समेच्या आधीचा आहे. मनगट बघ ना, अजून वळायचंय." मी फोटो मोठा करून पाहिला. मनगट खरंच वळायचं होतं.